पन्नास रुपयांचा वंशविस्तार

"सन्माननीय सभासद, सप्रेम नमस्कार. आपली वार्षिक वर्गणी रु. ३६० दि. ३१ मार्चपर्यंत भरून सहकार्य करावे. त्यानंतर दरमहा रु. ५० विलंब शुल्क आकारले जाईल. महिन्याचा काही भाग हा पूर्ण महिना धरला जाईल."

इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. बिबवेवाडीत ज्येष्ठांनी एकत्र बसायचं, कॅरम खेळायचा, कोजागिरीला दूध प्यायचं, तर वर्षाला ३६० रुपये द्यायला कुणाची ना नाही. संघ कोणता, हे विचारू नका. पत्र सगळ्यांचं एकच असतं, वर दोन ओळींत पदाधिकारी आणि खाली गोल शिक्का. पण यंदाच्या पत्रात सहीच्या खाली, मुंगीच्या अक्षरात एक ओळ आहे: "विलंबाने आलेली रक्कम प्रथम विलंब शुल्कात व उर्वरित वर्गणीत जमा केली जाईल."

ही ओळ ज्यानं लिहिली त्याच्या पाया पडायची माझी इच्छा आहे. तो नक्की बँकेतून निवृत्त झालेला असणार आणि बँकेला त्याची किंमत कळलेली नसणार.

आमच्या जिन्यातले काका घ्या. वय ७६. ३१ मार्चला संध्याकाळी पाकिटात ३६० रुपये मोजून घेऊन निघाले. कार्यालय पाच ते सात. रिक्षा गंगाधाम चौकात उभी राहिली ती राहिलीच. काका पोचले तेव्हा दाराला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं मोबाइलवरून ३६० रुपये पाठवले आणि म्हणाला, "झालं, बाबा."

झालं नव्हतं. तारीख १ एप्रिल, म्हणजे एप्रिलचा काही भाग, म्हणजे पूर्ण एप्रिल. ३६० मधले ५० विलंब शुल्कात गेले आणि वर्गणीत पडले ३१०. म्हणजे वर्गणीचे ५० रुपये थकले. थकले म्हणजे विलंब आलाच. १ मेला त्या पन्नासावर पन्नास चढले, १ जूनला आणखी पन्नास. काका निवांत कॅरम खेळतायत आणि तिकडे खतावणीत त्यांचे पन्नास रुपये दर महिन्याला वितात. पुढच्या ३१ मार्चपर्यंत हे असंच चाललं तर मे ते मार्च अकरा महिन्यांचे ५५०, अधिक मूळचे ५०, असे ६०० रुपये बाकी. ३६० ची वर्गणी, ३६० भरले, देणं ६००! पुढल्या मार्चमध्ये काकांनी पुन्हा ३६० भरले तर काय होईल? काही नाही. सगळेच्या सगळे विलंब शुल्कात बुडतील. शुल्काचे १९० तरीही उरतील आणि मूळच्या पन्नासाला कुणी हातही लावलेला नसेल. ते जसेच्या तसे, चिरतरुण. शिवाय नव्या वर्षाची वर्गणी आहेच. माणूस दोन वर्षांत ७२० रुपये भरतो आणि संघाच्या वहीत त्याची वर्गणी जमा असते ३१०.

पन्नासावर महिन्याला पन्नास म्हणजे वर्षाला बाराशे टक्के. ज्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या नावानं आपण रोज बोटं मोडतो, त्यांच्या आदर्श उपविधींनीसुद्धा थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळव्याजाची कमाल मर्यादा वर्षानुवर्षं घातलेली आहे. त्या मानानं सोसायटीचा सेक्रेटरी संतच म्हणायचा.

पण ही सगळी पैशासाठी केलेली लबाडी आहे असं समजाल तर तुम्ही भोळे आहात. पैसा गौण. पत्राच्या माथ्यावर नोंदणी क्रमांक आहे, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा. त्या कायद्याचं कलम १५ सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, त्याला मत नाही आणि सभासद म्हणून तो मोजलाही जात नाही. आता कॅलेंडर काढा. मुदत ३१ मार्चची. तीन महिने संपतात ३० जूनला. आणि वार्षिक सर्वसाधारण सभा असते जुलैच्या पहिल्या रविवारी. यंदा निवडणूक आहे. ३६० साठी पोटतिडकीनं स्मरणपत्र पाठवणारा संघ उरलेल्या पन्नासासाठी एप्रिलमध्ये पत्र पाठवत नाही, मेमध्ये नाही, जूनमध्ये तर नाहीच. कॅरमच्या टेबलावर रोज शेजारी बसणारे खजिनदार सोंगटी घेतात, चहा घेतात, पण "काका, तुमचे पन्नास राहिलेत" एवढं मात्र त्यांच्या तोंडून निघत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर यादी लागते. त्यात काका नाहीत.

आणि मग ती सभा! या सभांवर माझा जुना राग आहे, तो आज काढतोच. वेळ पाच. पाच वाजता पुढच्या रांगेत पदाधिकारी, मागे त्यांची मंडळी. अध्यक्ष घड्याळ बघून जाहीर करतात की गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब. कुणी उठत नाही. कुणी कुणाला बोलावायलाही जात नाही. अर्धा तास सगळे एकमेकांकडे बघत बसतात आणि साडेपाचला तीच माणसं, त्याच खुर्च्यांवर, गणपूर्तीच्या अटीशिवाय, वर्षाचा जमाखर्च दहा मिनिटांत मंजूर करतात. पदाधिकारी बिनविरोध. टाळ्या. हयातभर प्रामाणिकपणे कर भरलेली, मतदानाला काठी टेकत जाणारी माणसं पन्नास रुपयांसाठी दाराबाहेर उभी करायची आणि आत "खेळीमेळीच्या वातावरणात" असं इतिवृत्त लिहायचं, याला निर्लज्जपणा म्हणतात. सौम्य शब्द मला सुचत नाही. त्यावर कळस म्हणजे अल्पोपाहार. बटाटेवडे फक्त पात्र सभासदांना, यादीवर खूण करून.

काका मात्र वकिलाच्या कचेरीत कारकुनी केलेले. त्यांनी १८७२ चा करार कायदा काढला. त्याच्या कलम ५९ मध्ये आहे की वेगवेगळी देणी असताना देणाऱ्यानं रक्कम कोणत्या देण्यापोटी आहे हे स्पष्ट सांगितलं आणि घेणाऱ्यानं ती स्वीकारली, तर ती त्याच देण्यात जमा करावी लागते. सांगितलंच नाही, तर कलम ६० प्रमाणे घेणाऱ्याची मर्जी. मुलानं १ एप्रिलला पैसे पाठवताना शेऱ्याची जागा रिकामी सोडली होती, घोडं तिथंच पेंड खात होतं. काकांनी पन्नास रुपये पाठवले आणि शेऱ्यात लिहिलं, "फक्त वर्गणीपोटी." विलंब शुल्काचं भांडण मागाहून बघू, आधी वर्गणी तर फिटू दे, असा डाव. तासाभरात पन्नास रुपये परत आले. सोबत निरोप: "समक्ष भरावे. पाच ते सात."

काका समक्ष गेले, पण नुसते पैसे घेऊन नाही. संस्था नोंदणी कायद्याचं कलम ९ घेऊन गेले. संस्थेला दंड लावून तो कोर्टातून वसूल करायचा असेल तर त्यासाठी रीतसर केलेला उपनियम लागतो. उपनियम कसे करायचे हे घटनेत नसेल तर त्याच कामासाठी सभा बोलवावी लागते आणि हजर सभासदांपैकी तीन पंचमांश मतं लागतात. पत्राच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात छापणं, ही पद्धत कायद्यात कुठं नाही.

"खजिनदारसाहेब," काका म्हणाले, "त्या ओळीच्या ठरावाची प्रत द्या."

"देऊ की," साहेब म्हणाले. "अर्ज करा. फक्त अर्जदाराची वर्गणी पूर्ण भरलेली पाहिजे."