थिअरी मी लिहितो

फिजिक्सच्या प्रयोगशाळेत चौघांच्या गटात ‘थिअरी मी लिहितो’ हे वाक्य जो आधी उच्चारतो, तो सुटला. तीन पानं पुस्तकातून उतरवायची आणि अहवालावर चौथा हिस्सा सांगायचा. वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे. म्हणून बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने आपल्या गटातल्या तिघांना पाठवलेला मेल वाचला, तेव्हा बरं वाटलं. अहवाल होता व्यतिकरणाच्या प्रयोगांवर, मुख्यतः न्यूटन्स रिंग्जवर. तिचं म्हणणं एका वाक्याचं: ‘कामं पानांवर वाटू नका. उत्तर जिथे चुकू शकतं, तिथे माणूस लावा.’

तिने हिशेब मांडूनच दाखवला होता. सपाट काचेवर बहिर्गोल भिंग, वरून सोडियमचा पिवळा प्रकाश, आणि मायक्रोस्कोपमधून दिसणारी काळी-पिवळी वलयं. भिंगाची वक्रता-त्रिज्या 100 सेंमी धरली तर 10व्या काळ्या वलयाचा व्यास सुमारे 4.85 मिमी येतो आणि 20व्याचा 6.87 मिमी. दोन्ही व्यासांच्या वर्गांतला फरक साधारण 23.6. त्याला 40 ने आणि त्रिज्येने भागलं की तरंगलांबी मिळते. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा लीस्ट काउंट 0.01 मिमी. एकेका व्यासात तेवढी चूक धरली, तरी उत्तरात फरक पडतो एका टक्क्याचा. सगळा गट दुपारभर डोळे फोडतो तो या एका टक्क्यासाठी.

आता त्रिज्या. ती स्फेरोमीटरने काढायची, आणि हे काम बहुतेक गटांत पाच मिनिटांत उरकतं. पायांमधलं अंतर 4 सेंमी असेल, तर अशा भिंगाचा उठाव येतो जेमतेम 0.27 मिमी. स्फेरोमीटरचा लीस्ट काउंटही 0.01 मिमीच. म्हणजे एका घराची चूक झाली की जवळजवळ चार टक्के गेले, आणि ते जसेच्या तसे तरंगलांबीत उतरतात. 589 नॅनोमीटरच्या जागी 567 येईल, नाहीतर 611. शिवाय पायांमधलं अंतर सूत्रात वर्गात आहे. कागदावर उमटवलेल्या ठशांवरून मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला, की आणखी अडीच टक्के. ज्या कामाला कुणी काम म्हणत नाही, तिथे निकाल लागतो.

म्हणून मेलमध्ये लिहिलं होतं: ‘स्फेरोमीटर हे एका माणसाचं पूर्ण काम धरूया. ते मी घेते. भिंगाच्या वेगवेगळ्या जागी रीडिंग घेईन आणि प्रत्येक वेळी सपाट काचेवरचं शून्य पुन्हा तपासेन.’

वलयांच्या रीडिंगबद्दलही ती स्पष्ट होती. अर्धी वलयं तू, अर्धी मी, अशी वाटणी नको. मायक्रोस्कोपचा स्क्रू मध्येच उलटा फिरवला की बॅकलॅश शिरतो, आणि क्रॉसवायर वलयावर नेमका कुठे टेकवायचा हे प्रत्येकाच्या डोळ्याप्रमाणे थोडं बदलतं. म्हणून डावीकडच्या 20व्या वलयापासून उजवीकडच्या 20व्यापर्यंतची पूर्ण फेरी एकानेच, एकाच दिशेने करायची. दुसऱ्याने आपली वेगळी पूर्ण फेरी करायची. दोन फेऱ्या जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या, तर तो फरक अहवालात लिहायचा.

आलेख चौथ्याने काढायचा, ज्याने मायक्रोस्कोपला डोळा लावलेला नाही त्याने. ही मला सगळ्यात शहाणपणाची वाटणी वाटते. वलयाचा क्रमांक आडवा आणि व्यासाचा वर्ग उभा घेतला की सरळ रेघ यायला हवी. मोजताना एक वलय सुटलं, तर त्या जागी रेघेला पायरी पडते, सुमारे 2.4 चौरस मिलिमीटरची. सगळाच क्रमांक सुरुवातीपासून एकाने चुकला, तर रेघ शून्यातून जात नाही, पण तिचा चढ तोच राहतो आणि उत्तर वाचतं. रीडिंग घेणाऱ्याला ती पायरी सहज दिसत नाही, कारण आकडे बरोबर आहेत याची त्याला खात्री असते. परक्या डोळ्याला दिसते.

आणि थिअरी? ती शेवटी, चौघांनी मिळून, एका पानात. मध्यबिंदू काळा का, आणि धूळ अडकून तो उजळ दिसला तरी वर्गांच्या फरकाने उत्तर का बिघडत नाही, एवढं स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं की पुरे.

गटातल्या एकाने उत्तर पाठवलं म्हणे: ‘एवढं कशाला? सोडियमची तरंगलांबी पुस्तकात आहेच.’ आहे, 589.3 आहे. म्हणूनच अहवालात नेमकं 589.3 उतरलेलं दिसलं की शंका घ्यायला हवी. या स्फेरोमीटरच्या जोरावर कुणी दशांशापर्यंत पोहोचू शकत नाही. 575 लिहा, पुढे ‘कमी-अधिक 25’ लिहा आणि ते 25 कुठून आले ते दाखवा. तो अहवाल खरा.

जर्नल तपासणाऱ्या सरांना आणि मॅडमना एकच विनंती. व्हायवाला सूत्र विचारू नका. भिंगाचा उठाव कुणी मोजला आणि किती वेळा, ते विचारा.