दहा फुटांवरची गाय

दुधाच्या भावावर बोलायला आमच्या मामेभावाच्या गोठ्यावर पुष्कळ जण येऊन गेले. गाईच्या चेहऱ्यावरचे भाव बघायला आलेला दिग्दर्शक मात्र पहिलाच. दुधाची जाहिरात होती. एकाच चौकटीत शेत आणि घर हवं होतं: पुढे ओट्यावर दुधाचा ग्लास, मागे खिडकीतून गाय. मग गोठ्यापासून दहा फुटांवर प्लायवूडचा ओटा आणि खिडकी उभी राहिली. एरवी गाय आणि ग्लास यांच्यामध्ये संकलन केंद्र, ४ अंशांवरचा बल्क कूलर, टँकर आणि ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवणारी डेअरी असते. चौकटीत ती मावेना.

‘‘गाय खरी वाटली पाहिजे.’’

‘‘खरीच हाय की,’’ भाऊ म्हणाला.

पण चंद्रीच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला होता, आणि तो ‘खरा वाटत’ नव्हता. भाऊ बिल्ला काढू देईना. उद्या विमा कोण देणार? शेवटी त्यावर झेंडूची माळ सोडली. चंद्रीने ती दोनदा खाल्ली.

उजेड ‘प्रामाणिक’ हवा होता. धार काढायची वेळ पहाटे पाचची, गोठ्यात एक पिवळा बल्ब. तो प्रामाणिकपणा कॅमेऱ्याला परवडेना. म्हणून दुपारी अकराला बटरपेपरमधून पहाट गाळून घेतली आणि थर्माकोलने ती चंद्रीच्या तोंडावर मारली.

दुधाचं तर विचारूच नका. गाईचं दूध जरा पिवळट, दिव्याखाली त्यावर साय धरते, ग्लासला डाग पडतात. शेवटी ग्लासात सुताराचा पांढरा डिंक पाणी घालून ओतला. काय तो रंग, काय ती धार! पोराने तो ओठाला लावायचा आणि कॅमेरा बंद झाला की थुंकायचा. आईचा पार्ट करणारी बाई लगेच रुमाल पुढे करायची. दिवसभरातली खरी माया तेवढीच.

संध्याकाळी धारेला बसलो, तर चंद्रीने पान्हा चोरला. अनोळखी माणसं, दिवे, गलका. गाय बिथरली की दूध वर चढवते. कासेत राहतं ते शेवटचं दूध, आणि सगळ्यात जास्त फॅट त्यातच असतं. वासरू लावलं, वैरण टाकली, भावाने मान खाजवली. रोजच्या निम्म्यावर बादली थांबली.

आम्ही ती केंद्रावर नेली. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला पूर्ण दर. मशीनने चमचाभर दूध ओढलं, जरा विचार केला आणि पावती टाकली: फॅट ३.१.

‘‘पाणी घातलं का रे?’’ केंद्रावरचे आप्पा म्हणाले.

‘‘आप्पा, एसएनएफ बघा की. पाणी घातलं असतं तर तेबी पडलं असतं.’’

एसएनएफ ८.५ होतं. आप्पांनी मान हलवली आणि दर फॅटप्रमाणेच कापला. गोठ्यावर परत आलो तर शूटिंगवाले सामान भरत होते. ओट्यावरचा ग्लास तसाच होता, पांढराशुभ्र, कडेने घट्ट होत चाललेला.

‘‘ह्यो नेऊन लावू का मशीनला?’’ भावाने विचारलं.