सरळ रेषेने भविष्य सांगा : नवशिक्यांसाठी

१. आधी आकडे गोळा करा. बृहन्मुंबईची लोकसंख्या झकास : १९५१ मध्ये २९.९ लाख, १९६१ मध्ये ४१.५, १९७१ मध्ये ५९.७, १९८१ मध्ये ८२.४. चारच बिंदू आहेत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. बिंदू जितके कमी, तितकी रेष खूश.

२. एक्सेलमध्ये स्कॅटर आलेख काढून Add Trendline दाबा आणि Linear निवडा. दर दशकाला सुमारे १७.६ लाखांची वाढ येईल आणि R² येईल ०.९८. तो मोठ्या टाइपात छापा. साहेब त्यापुढे वाचत नाहीत.

३. खरा आकडा रेषेपासून किती दूर पडला, हे मात्र चुकूनही तपासू नका. १९५१ ला तो रेषेच्या २.९ लाख वर आहे, मधली दोन वर्षं ३.१ आणि २.५ लाख खाली, १९८१ ला पुन्हा २.७ लाख वर. टोकं वर आणि पोट खाली, म्हणजे वाढ सरळ नाही, वाकलेली आहे. पण वाकडी रेष काढणाऱ्यांचाही फार हेवा करू नका. दशकाला ४० टक्के वाढ धरली असती तर २०११ ची मुंबई सव्वादोन कोटींवर गेली असती. प्रत्यक्षात ती १.२४ कोटी भरली.

४. Forecast मधल्या Backward च्या चौकटीत २० लिहू नका. १९३१ साली मुंबईत उणे आठ लाख लोक राहत होते असं निघतं आणि १९३५ च्या सुमारास शहर साफ रिकामं. मीटिंगमध्ये कुणी विचारलंच तर विषय पाण्याकडे वळवा.

५. आता पुढे चला. १९९१ साठी रेष ९७.३ लाख म्हणते, मोजले गेले ९९.३. भित्री माणसं इथेच थांबतात : तीस वर्षांच्या नोंदी, दहा वर्षांचा अंदाज, बास. तुम्ही थांबू नका. २००१ ला रेष पाच लाखांनी कमी पडते, २०११ ला आठ लाखांनी जास्त. त्या शेवटच्या दशकात मुंबईत जेमतेम ४.६ लाख लोक वाढले. जागा महागल्या, माणसं ठाणे, कल्याण, नवी मुंबईकडे गेली. रेषेला बिचारीला लोकलचं वेळापत्रक कोण देणार?

६. कुणी चुकीची मर्यादा मागितली तर ऐकू येत नाही असं दाखवा. चार बिंदूंवरून २०११ चा अंदाज प्रामाणिकपणे मांडायचा तर '१३२ लाख' म्हणता येत नाही. '९३ ते १७१ लाखांच्या मध्ये कुठेतरी' असं म्हणावं लागतं, तेही वाढ खरोखरच सरळ आहे असं गृहीत धरून. एवढ्या फरकात पाण्याची एक योजना कमी-जास्त होते, पण टेंडरमध्ये '९३ ते १७१' लिहायला रकाना नसतो.

७. अंदाजासाठी २०५१ साल घ्या. रेष दोन कोटी तीन लाख सांगते. तोवर तुम्ही निवृत्त झालेले असाल.