बियाण्याचं मीठ

गोराईच्या फेरीबोटीत शेजारचे भातवाले काका मोबाईलवर शेतीचं चॅनल पाहत होते. ‘राम राम मंडळी!’ भाषा अगदी बांधावरची, विषय वेळेवरचा: रोहिणी निघाल्या, बियाणं कुठलं घ्याल? दहा मिनिटांत संकरित बियाण्याची पिशवी सात वेळा दिसली. सातव्यांदा तर निवेदकाने तिला नमस्कारच केला. ‘ही जाहिरात आहे’ ही ओळ वर्णनात, हॅशटॅगांच्या राबात कुठेतरी उगवलेली. प्रायोजित मजकूर ठळक सांगा, असं जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच बजावलंय, पण बांधावर ठळक दिसतं ते फक्त तण.

काका हसले. त्यांचं बियाणं घरचंच. भाताचं परागीभवन स्वतःच्याच फुलात होतं, त्यामुळे सुधारित वाणाचं निवडून ठेवलेलं बी दोन-तीन वर्षं बिनघोर चालतं. संकरित मात्र दरसाल विकत. चॅनलला संकरिताचा इतका लळा का, ते आता कळलं असेल.

निवडायचं कसं? दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतायचं आणि ढवळायचं. तरंगेल ते पोचट, काढून टाकायचं. बुडालेलं चांगल्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. न धुता पेरलं तर मीठच उगवणीच्या मुळावर येतं.

एवढा व्हिडिओ दीड मिनिटात संपेल. पण मिठाची कंपनी प्रायोजक मिळेपर्यंत तो निघायचा नाही.