हमीभावाच्या ग्रेडरचे शेठजींना खुले पत्र

माननीय शेठजी,


सकाळी चहाआधी आपण राजकोटचा भाव विचारता, सरकीचा दर बघता आणि मगच फाटकावरच्या गाड्यांना बोली लावता. बाजाराची एवढी कदर करणारा मालक यवतमाळ जिल्ह्यात विरळाच. म्हणून धीर करून माझाही बाजारभाव कळवतो.

पगाराचा विषय निघाला की आपण म्हणता, "किमान वेतनापेक्षा जास्तच देतो ना?" देता, हे खरंच आहे. पण शेठजी, तो माझ्या मजुरीचा हमीभाव झाला. यापेक्षा कमी नको, एवढंच तो सांगतो. बाजारात काय चाललंय ते सांगत नाही.

म्हणून वणी, पांढरकवडा आणि हिंगणघाटच्या ग्रेडरांना विचारलं. महिन्याला 18, 20 आणि 21 हजार. चौथा 28 हजार सांगत होता, पण तो गाठींचे सौदेही करतो, म्हणून सोडला. एक हंगामी होता. त्याला सहाच महिने पगार, मला बारा, म्हणून तोही सोडला. उरलेल्या तिघांतला मधला आकडा 20 हजार. मला आपण 15 देता. शिवाय खोली देता, तिचं भाडं दीड हजार धरलं. फरक उरला साडेतीन हजारांचा. खोलीतलं गळकं पत्र्याचं छप्पर मी हिशेबात धरलेलं नाही.

आता मी पूर्ण ग्रेडर आहे की नाही, हे फाटकावरची वही सांगेल. पहाटे दवात वेचलेला कापूस वरून कोरडा दिसतो, म्हणून मी गाडीच्या तीन जागी आतपर्यंत हात घालतो, मग मीटर लावतो. समजा, 25 क्विंटलच्या गाडीत 12 टक्के ओल आहे. म्हणजे सुका माल 22 क्विंटल. आठ टक्के ओलीच्या हिशेबाने त्याचं वजन 23.91 क्विंटलच भरतं. उरलेलं सुमारे 1.09 क्विंटल निव्वळ पाणी. 2025-26 च्या लांब धाग्याच्या 8,110 रुपये हमीभावाने ते सुमारे 8,800 रुपयांना पडतं. अशी एक गाडी नजरेतून सुटली, की माझा अडीच महिन्यांचा फरक पाण्यात.

याचा अर्थ वाचलेल्या पैशात मला वाटा हवा असा नाही. चांगला ग्रेडर हे करतोच. उतारा वाढला त्याचंही श्रेय मागत नाही. त्यात वाणाचा आणि जिन चालवणाऱ्याचा हात असतो. वहीवरून माझी प्रत ठरवा, भाव तिघांच्या पगारावरून.

"तू तर घरचा माणूस," असं आपण म्हणाल. घरच्या माणसाला आपण दिवाळीला हिशेब दाखवत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून परका समजून कळवलंत तरी चालेल.

काटापूजनाआधी उत्तर यावं. भाव पटला नाही की गाडी पुढच्या जिनिंगला जाते, हे आपल्याच फाटकावर शिकलो.

आपला विश्वासू,
आपल्याच जिनिंगमधला ग्रेडर
(मस्टरवर: 'मदतनीस')