पंचवीस रुपये दहा आणे, हाली

मोडी वाचता येते हे चारचौघांत बोलू नये. बोललात की कुणाच्या तरी माळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि तुमच्या फोनवर फोटो येऊ लागतात. हैदराबादेत हा त्रास जरा जास्तच. इथल्या जुन्या मराठी घरांतून एक समजूत पक्की असते, की आपल्या पूर्वजांना निजामाने गाव इनाम दिले होते, ते मधल्या काळात कुठेतरी हरवले, आणि त्याचा पत्ता ट्रंकेतल्या कागदावर आहे.

काचीगुड्याच्या काकूंचा फोटो आला तो निकालासकटच. त्यांच्या नातवाने मोडी मुळाक्षरांचा तक्ता मिळवून अक्षर अक्षर लावले होते. गावाचे नाव देवमाडी, जमीन २५११. "बिघे असतील हो भाऊ," काकू म्हणाल्या. "आता देवमाडी कुठे आहे तेवढे तुम्ही सांगा." नातू नकाशावर शोधून थकला होता.

फोटो नेहमीसारखाच. वरून दिव्याची चकाकी, डाव्या अंगाला काढणाऱ्याच्या हाताची सावली, एक कोपरा फाटलेला, मधोमध घडी, आणि ओळींच्या अधूनमधून फिकट फराटे. तरी एक गोष्ट अक्षर न वाचताच दिसत होती: कागद सनदेचा नव्हता. सनदेवर शिक्का असतो, ती कुणालातरी उद्देशून असते, आणि तिच्यात गाव कधी एकटे येत नाही. आधी 'मौजे' आणि मागून 'परगणे' असा लवाजमा असतोच. इथे लांबट, अरुंद, वहीतून सुटलेले पान होते आणि माथ्यावर नुसते 'श्री'.

मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळत नसत, त्यामुळे वंशावळीतला 'सुत' आणि कोष्ट्याकडचे 'सूत' दिसायला सारखेच. तक्ता पाठ करून अक्षरे ओळखता येतात, शब्द कुठे तोडायचा ते तक्त्यात नसते. म्हणून वाचायला सुरुवात करायची ती ठरीव मजकुरापासून. 'श्री', 'शके', 'नाम संवत्सरे', महिन्याचे नाव, वार हे काय असणार ते आधीच ठाऊक असते. त्यांवरून त्या माणसाचा स, त्याचा र, त्याची वेलांटी कशी आहे ते शिकून घ्यायचे आणि मग पुढे जायचे. गंमत अशी की ज्या शब्दांचा अंदाज बांधता येतो त्यांत नवी माहिती काहीच नसते. माहिती असते ती नावांत आणि आकड्यांत, आणि नेमका तिथे अंदाज चालत नाही.

तर तारीख. फाटलेल्या कोपऱ्याने शकाचे शेवटचे दोन आकडे नेले होते. उरले होते 'शके १८', पुढे 'कीलकनाम संवत्सरे आश्विन शु॥ ३ इंदुवासरे', आणि शेवटी 'सन १३१७ फ॥'. शक देवाधर्माला आणि फसली कचेरीला, अशी या राज्यात दोन्हींची सवय होती. कचेरीची भाषा तोवर फारसी जाऊन उर्दू झाली होती, घरची वही मात्र मोडीतच राहिली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो असे सगळे सांगतात. नातवानेही मिळवले होते, आले १९०७. पण हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यापासून, सुरू होई. जानेवारी ते सप्टेंबरमधल्या तारखेला ५९० नव्हे, ५९१ मिळवावे लागतात. कीलक संवत्सर साठ वर्षांनी एकदा येते. '१८'ने सुरू होणाऱ्या शकांत ते १८३० ला आणि १८९० ला आले, आणि फसलीशी जुळतो तो १८३०. त्या वर्षीची आश्विन शुद्ध तृतीया सोमवारी होती, आणि इंदुवासर म्हणजे सोमवारच. तारीख, वार आणि दोन्ही सन एकमेकांची साक्ष देऊ लागले की मग छाती ठोकून लिहावे: २८ सप्टेंबर १९०८.

हैदराबादकराला पुढचे सांगायला नको. त्या दिवशी मुसी शहरात शिरली. अफजलगंजच्या ज्या चिंचेवर दीडशे माणसे चढून वाचली ती अजून दाखवतात. पुढे विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले आणि उस्मानसागर, हिमायतसागर झाले ते याच पुरामुळे. तारीख लागली आणि पुढची ओळ आपोआप सुटली. 'मुसीसमाहापुरआला' यात नातवाला काही लागले नव्हते, ते आता सरळ तुटले. त्याच्या पुढे होते 'वहीवदेवमाडीवरनेले'.

देवमाडी सापडली. ती नकाशावर नव्हती, काकूंच्या पणजेसासऱ्यांच्या घरातच होती. वही व देव माडीवर नेले.

राहिले २५११. मोडीत (आणि जुन्या बाळबोध हिशेबातही) अक्षरापुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे शब्द आखडला, जसे शु॥ म्हणजे शुद्ध. त्याच रेघा आकड्यापुढे आल्या की अर्धा. एक उभी रेघ पाव रुपया, म्हणजे चार आणे, आणि त्यापुढची प्रत्येक आडवी रेघ एक आणा. पानावर होते 'हाली रु॥ २५॥='. पहिल्या दोन रेघा रुपयाच्या, नंतरच्या दोन आठ आण्यांच्या, आडव्या दोन आण्यांच्या. नातवाने उभ्या रेघांचे अकरा केले आणि आडव्या सोडून दिल्या. हाली म्हणजे निजामाचा सिक्का. इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत, आणि त्याची किंमत हालीहून जास्त.

मी काकूंना दोन प्रती दिल्या. एक अक्षराला अक्षर, जिथे शंका तिथे प्रश्नचिन्ह टाकून. दुसरी आजच्या भाषेत, ती अशी: "२८ सप्टेंबर १९०८, सोमवार. मुसी नदीला महापूर आला. घरात गळ्याइतके पाणी चढले. हिशेबाची वही आणि देव माडीवर नेले, बाकीचे सामान वाहून गेले. त्यामुळे (नाव वाचता येत नाही) यांच्याकडून निजामी चलनाचे पंचवीस रुपये दहा आणे उसने घेतले. कार्तिक संपेपर्यंत परत करायचे आहेत." सावकाराचे नाव नेमके घडीत गेले होते. पहिले अक्षर 'ग' आहे, पुढचे काहीही असू शकते. घराण्याची कथा गोड व्हावी म्हणून तिथे एखादे भारदस्त नाव बसवण्याचा मोह काकूंना झाला. मी प्रश्नचिन्ह ठेवले.

फिकट फराटे मात्र कुठल्याच अक्षरात बसेनात. फोटो आडवा उलटवून, आरशात दिसावा तसा पाहिला, तर त्यात एक आकडा दिसला. शाई मागच्या बाजूची होती. मागे काही नाही, कोरे आहे, असे काकू सांगत होत्या. आग्रह केल्यावर त्यांनी पान उलटले. कोपऱ्यात बारीक अक्षरात होते: 'पैकी पावते केले २०, बाकी ५॥='. त्यापुढे काही नाही.

"म्हणजे गाव तर गेलेच," काकू म्हणाल्या, "वर पाच रुपये दहा आण्यांचे देणे निघाले."

हीच रक्कम कुणाच्या तरी वहीत येणे म्हणून लिहिलेली असणार. सुलतान बाजार, काचीगुडा भागात कुणाकडे तशा वह्या असल्या तर पाने सुटी करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. खिडकीशी, बाजूच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून आधी पूर्ण पानाचा आणि मग जवळून तीन भागांचा फोटो काढा, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे बारीक रेघा पुसट होणार नाहीत. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो हवा. १९०८ च्या आश्विनातले, 'ग'ने सुरू होणारे नाव सापडले तर काकू पैसे द्यायला तयार आहेत. फक्त हालीचा भाव काय धरायचा ते आधी ठरवून घ्या.