करारातलं घड्याळ

आमच्या कारखान्यात आयटी आणि बाकीची खाती यांच्यात आता लेखी करार झालाय. पूर्वी आयटीतल्या पोराला "अरे, जरा बघतोस का?" म्हटलं की तो यायचा. आता आधी तक्रार नोंदवायची, मग नंबर येतो. पोरगा येत नाही.

करारात सगळं आहे. काय दुरुस्त करायचं, किती वेळात, आणि दर तक्रारीमागे आमच्या खात्यावर किती रुपये टाकायचे. तक्रारीची निकड मात्र किती जणांचं काम अडलं यावर ठरते. सर्व्हर बसला तर पी-वन, कारण सगळेच बोंबलतात. डिस्पॅचचा प्रिंटर बसला तर अडतो मी एकटा, म्हणून पी-थ्री: तासाभरात प्रतिसाद, आठ तासांत दुरुस्ती. माझ्यामागे गेटवर ट्रक उभा असतो, पण ट्रक कंपनीच्या लॉगिन यादीत नाही.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला प्रिंटर गेला. इनव्हॉइसच्या तीन प्रती लागतात. गिऱ्हाइकाची, ट्रान्सपोर्टरची, आमची. तक्रार टाकली. लगेच उत्तर आलं, "आपली तक्रार मिळाली." ते संगणकानेच धाडलेलं, पण करारानुसार प्रतिसाद झाला. गुण मिळाले.

आता आठ तास मोजू. करारातले तास म्हणजे नऊ ते सहा. बुधवारचा अर्धा तास, गुरुवारी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, शुक्रवारी नऊपासून साडेसात तास. म्हणजे मुदत शुक्रवारी साडेचारला. भिंतीवरच्या घड्याळात ते ४७ तास होतात, पण भिंतीवरच्या घड्याळाने करारावर सही केलेली नाही.

तेही पुरलं नाही. पाच-पन्नासला विचारणा आली: "प्रिंटरचा ॲसेट नंबर कळवा." तो स्टिकर प्रिंटरच्या पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला. मी त्या वेळी अकाउंट्सच्या मॅडमना फाइल मेल करून, त्यांच्या प्रिंटरवर तीन प्रती काढून द्या म्हणून हातापाया पडत होतो. पेनड्राइव्ह आयटीनेच बंद केलाय. इकडे तक्रारीची स्थिती झाली 'वापरकर्त्याच्या उत्तराची प्रतीक्षा', आणि त्यांचं घड्याळ थांबलं. मी शुक्रवारी साडेनऊला नंबर दिला, तेव्हा सुरू झालं. दुपारी दीडला प्रिंटर चालला. महिन्याच्या अहवालात नोंद: ४ तास २० मिनिटं, मुदतीच्या आत. बाहेरून हिरवंगार, आतून लाल, अगदी कलिंगड!

अकाउंट्सनी तीन पानांचा खर्च आमच्या खात्यावर टाकला, हे वेगळं.

दीडशे रुपये तक्रारीमागे जायला लागल्यावर आमच्या साहेबांनी नोंद करण्यावर लगाम घातला. आता आम्ही आयटीच्या पोरांना कॅन्टीनमध्ये गाठतो. चहा पाजला की प्रिंटर चालतो आणि नोंद होत नाही. सगळ्याच खात्यांनी हेच केल्यामुळे तक्रारी निम्म्यावर आल्या. आढावा बैठकीत टाळ्या झाल्या आणि काम घटलंय म्हणून आयटीतली दोन माणसं कमी केली. त्यामुळे हल्ली कॅन्टीनमध्येही रांग लागते.